युनियनशी ठरलेल्या मुद्द्यांचं टिपण: सोमवारी सही आहे, शब्द तपासून द्या

टर्नर_अंबड

नमस्कार मंडळी. मी नाशिकला अंबड एमआयडीसीत ऑटो पार्ट्सच्या कंपनीत आहे, युनियनच्या कमिटीत जॉइंट सेक्रेटरी. आमच्याकडे ३४० कायम कामगार आहेत. जुना करार ३१ मार्च २०२५ ला संपला, मागणीपत्र त्याआधीच दिलेलं होतं, आणि बऱ्याच बैठकांनंतर परवा रात्री एकदाचं जुळलं. नऊ हजार वाढ, तीन वर्षांचा करार, ६०-२५-१५ च्या टप्प्याने.

आता एचआरने दोन पानी टिपण पाठवलंय, म्हणजे ठरलेल्या मुद्द्यांचं. सोमवारी त्यावर दोन्हीकडच्या सह्या, सविस्तर करार नंतर महिन्याभरात टाइप होणार असं म्हणतात. कमिटीतले अर्धे म्हणतात सही करून मोकळं व्हा, लोक पैशाची वाट बघतायत. मला वाचताना काही ठिकाणी खटकतंय पण नेमकं काय ते सांगता येईना, म्हणून मुख्य मुद्दे जसेच्या तसे देतो.

"१. कायम कामगारांच्या वेतनात तीन वर्षांत एकूण रु. ९,००० वाढ देण्याचे मान्य करण्यात आले.
२. सदर वाढ मागील करार संपल्यापासून लागू राहील व फरक दोन हप्त्यांत दिला जाईल.
३. कामगार उत्पादकता वाढीसाठी संपूर्ण सहकार्य करतील.
४. मागणीपत्रातील सर्व मागण्या निकाली निघाल्या असून उर्वरित मागण्या युनियनने मागे घेतल्या आहेत.
५. करार तीन वर्षांसाठी राहील."

बाकी कँटीन, बस, गणवेश वगैरे आहे, त्यात वाद नाही. वरच्या पाचांत काय बदलायला पाहिजे ते अनुभवी लोकांनी सांगा, आपल्याकडे शनिवार-रविवार आहे.

विवेक७७

पहिली गोष्ट म्हणजे हे टिपण ५०० च्या स्टँप पेपरवर आहे का आणि नोटरी केलंय का? नसेल तर त्याला कोर्टात काहीच किंमत नाही, सही केली काय न केली काय. आधी तो पेपर आणायला लावा, मग शब्द बघा.

जुना_सेक्रेटरी

विवेकराव, स्टँप पेपर आणि नोटरी ही घरभाड्याच्या करारातली सवय आहे, कामगार करार त्यावर अडत नाही. साध्या कागदावरचा करार चालतो. मात्र दोन गोष्टी पाहिजेतच. सही अधिकार असलेल्या माणसाची हवी, म्हणजे युनियनकडून अध्यक्ष किंवा सेक्रेटरी, किंवा त्या दोघांनी लेखी अधिकार दिलेला पदाधिकारी. आणि सही झाल्यावर कराराची प्रत कामगार आयुक्तांच्या ऑफिसला गेली पाहिजे. औद्योगिक विवाद कायद्यात सेटलमेंटची व्याख्याच अशी होती की सही ठरलेल्या पद्धतीने आणि प्रत अधिकाऱ्याकडे. हा दुसरा भाग लोक विसरतात, प्रत कपाटात पडून राहते आणि भांडण झालं की कंपनी म्हणते ही सेटलमेंटच नव्हे, ही नुसती बैठकीची नोंद आहे.

तुमचं म्हणणं एवढ्यापुरतं बरोबर की कागदाचं रूप बघायला पाहिजे. पण रूप म्हणजे स्टँप नव्हे.

आता टर्नरभाऊ, तुमच्या टिपणाबद्दल. मी पिंपरीत बरीच वर्षं करार केलेत, त्यावरून सांगतो, भांडण नेहमी ज्या मुद्द्यावर रात्री दोनला हात मिळवले गेले त्याच मुद्द्यावर होतं, कारण त्या वेळी दोन्ही बाजूंना आपापला अर्थ स्पष्ट असतो आणि कोणी तो विचारत नाही. तुमचा पहिलाच मुद्दा घ्या. "वेतनात नऊ हजार" म्हणजे हातात येणारे, की कपातीआधीचं ग्रॉस, की कंपनीचा माणशी एकूण खर्च म्हणजे सीटीसी? बैठकीत काय बोलणं झालं होतं?

टर्नर_अंबड

काका, आम्ही तर ग्रॉसच धरून चाललो. गेट मीटिंगला पण ग्रॉस म्हणूनच सांगितलंय. पण प्लांट हेडच्या प्रेझेंटेशनमध्ये "कॉस्ट" असा शब्द होता एवढं आठवतंय.

पर्सोनेल_मॅन

मी मॅनेजमेंटच्या बाजूचा माणूस आहे, पुणे जिल्ह्यात दुसऱ्या कंपनीत, तुमच्या कंपनीशी संबंध नाही. तरी सांगतो की तो "कॉस्ट" शब्द हलका घेऊ नका. वरून बोर्डाकडून जी मंजुरी येते ती माणशी खर्चाचीच येते, त्यामुळे एचआरच्या डोक्यात नऊ हजार म्हणजे सगळं धरून नऊ हजार असण्याची शक्यता दाट आहे, आणि त्यात तो फसवतोय असंही नाही, त्याची एक्सेल शीटच तशी आहे.

हिशोब करून बघा. समजा वाढीतली निम्मी रक्कम बेसिक-डीएत जाणार. तुमच्याकडे पीएफ पूर्ण बेसिकवर कापत असतील तर कंपनीचा वाटा बेसिकच्या १२ टक्के, ग्रॅच्युइटीची तरतूद ४.८१ टक्के. दोन्ही मिळून बेसिकच्या १६.८१, म्हणजे ग्रॉसच्या साधारण ८.४ टक्के. आता हे सगळं नऊ हजारांच्या आत बसवायचं तर ग्रॉस वाढ उरते सुमारे ८,३०० रुपये. माणशी महिन्याला ७०० चा फरक. ३४० माणसांचे महिन्याला दोन लाख अडतीस हजार होतात. एवढ्या रकमेवर कुठलीही बाजू गप्प बसणार नाही, त्यामुळे आत्ताच विचारलेलं दोघांनाही बरं.

जुना_सेक्रेटरी

अगदी बरोबर. आणि शीट मागा. करारात रक्कम शब्दांत लिहून भागत नाही, तक्ता जोडायचा. तक्त्यात बेसिक, डीए, एचआरए, शिक्षण भत्ता, बाकी भत्ते असे रकाने, आणि तीन टप्प्यांच्या तीन ओळी. ६०-२५-१५ म्हणजे ५,४००, २,२५० आणि १,३५०. प्रत्येक टप्पा कुठल्या तारखेपासून तेही ओळीतच. मग वाक्य असं:

"दि. १ एप्रिल २०२५ पासून प्रत्येक कायम कामगाराच्या मासिक एकूण वेतनात परिशिष्ट 'अ' मधील तक्त्याप्रमाणे वाढ होईल. कंपनीचा भविष्य निर्वाह निधीचा हिस्सा, ग्रॅच्युइटी, बोनस व विमा यांचा खर्च या रकमेत धरलेला नाही."

हे दुसरं वाक्य जर एचआरने खोडलं तर समजायचं की त्यांच्या डोक्यात सीटीसी होतं. मग ते भांडण शनिवारी होऊ द्या, एप्रिलमध्ये पगाराच्या दिवशी नको.

सांगलीचा_पाटील

मी साखर कारखान्यात आहे. आमच्याकडे करार कारखान्यात होतच नाही, राज्य पातळीवर त्रिपक्षीय समिती ठरवते, कारखानदार, युनियनच्या संघटना आणि सरकार. वाढ जाहीर होते, पेपरात फोटो येतात आणि आमच्या कारखान्यात फरकाचे पैसे अडकून पडतात. मागच्या कराराचा फरक अजून पूर्ण मिळालेला नाही, विचारलं तर म्हणतात कारखान्याची आर्थिक स्थिती बघून देऊ. यावर काय करता येईल? तुमच्या टिपणात ते "दोन हप्त्यांत" वाचून आमचंच आठवलं म्हणून लिहिलं.

मृण्मयी_ल

पाटीलसाहेब, तुमचा प्रश्न वेगळा आहे, वसुलीचा, त्यासाठी तुमच्या कराराची नेमकी भाषा आणि कारखान्याला कोणता कायदा लागू होता ते बघावं लागेल. वेगळा धागा काढा, मी नक्की लिहीन. पण तुमच्या उदाहरणाचा टर्नरभाऊंना उपयोग आहे. "दोन हप्त्यांत" ह्यात तारीख नाही. तारीख नसलेला हप्ता थकला असं म्हणता येत नाही, कारण तो कधी द्यायचा होता तेच लिहिलेलं नाही. "पहिला हप्ता मार्च २०२६ च्या पगारासोबत, दुसरा हप्ता ३१ मे २०२६ पर्यंत" असं लिहून घ्या, आणि प्रत्येक हप्ता फरकाच्या किती टक्के तेही.

जुना_सेक्रेटरी

फरकावर थोडं सविस्तर लिहितो, कारण दोन नंबरच्या मुद्द्यात तीन वाद लपलेत.

एक, फरक कोणाला. एप्रिल २०२५ पासून आजपर्यंत कोणी रिटायर झालं असेल, कोणी राजीनामा दिला असेल, कोणी वारलं असेल. टिपणात "कायम कामगार" एवढंच आहे. सही होईल त्या दिवशी हजेरीपटावर असलेला की १ एप्रिलला असलेला? कंपनी पहिलं म्हणेल.

समजा तुमचा एक फिटर ३० सप्टेंबर २०२५ ला रिटायर झाला, नोकरी २८ वर्षं. त्याचा सहा महिन्यांचा फरक ५,४०० च्या हिशोबाने ३२,४०० होतो. लोक एवढंच मोजतात. पण वाढीतले निम्मे, म्हणजे २,७००, बेसिक-डीएत गेले तर त्याची ग्रॅच्युइटी पण वाढते. २,७०० गुणिले १५ भागिले २६ गुणिले २८, म्हणजे ४३,६०० च्या वर. ग्रॅच्युइटीतला फरक पगाराच्या फरकापेक्षा जास्त निघाला बघा. आणि त्या माणसासाठी भांडायला आत कोणी नसतं कारण तो आता मेंबर नाही.

दोन, फरकात ओव्हरटाइम धरायचा का. कायद्याने ओव्हरटाइम दुप्पट दराने. वाढ मागच्या तारखेपासून लागू म्हटली तर त्या काळातला ओव्हरटाइमचा दर पण मागच्या तारखेपासून वाढतो. ५,४०० ला २६ आणि ८ ने भागा, तासाला २६ रुपये, दुपटीने ५२. ज्याने महिन्याला २५ तास केलेत त्याचे दहा महिन्यांत २५० तास, म्हणजे १३ हजार. मशीन शॉपवाल्यांना हा आकडा लगेच कळेल.

तीन, रजा आणि गैरहजेरी. बिनपगारी दिवसांचा फरक मिळणार नाही हे सरळ आहे, त्यावर कोणी भांडत नाही, पण अपघाताची रजा किंवा ईएसआयच्या रजेवरचे दिवस, ले-ऑफचे दिवस यावर होतं. एक ओळ घाला.

मी असं लिहीन: "दि. १ एप्रिल २०२५ रोजी किंवा त्यानंतर कायम सेवेत असलेल्या सर्व कामगारांना, त्यानंतर निवृत्त झालेले, राजीनामा दिलेले व मृत कामगारांचे वारस धरून, त्यांच्या सेवेच्या शेवटच्या दिवसापर्यंतचा फरक मिळेल. फरकात याच काळातील ओव्हरटाइम, रजा रोखीकरण व ग्रॅच्युइटी यांतील फरकाचा समावेश राहील."

मिळेलच असं नाही. ओव्हरटाइमवर कंपनी अडेल. अडली तर "ओव्हरटाइमवर फरक दिला जाणार नाही" असं लिहून घ्या पण गाळू नका. नाही म्हटलेलं लिहून ठेवलं की निदान दोन वर्षं भांडण होत नाही.

गजा_फिटर

काका तुम्ही हे काय सांगताय, आपणच लिहून द्यायचं की मिळणार नाही? लिहिलं नाही तर उद्या मागता तरी येईल. मी तर म्हणतो असल्या टिपणावर सहीच करू नका. एकदा टिपणावर सही झाली की कंपनी फायनल करारात त्याच्यापुढे जात नाही, आम्हाला अनुभव आहे. टिपण अर्धवट होतं म्हणून नंतर बोलू म्हटलं तर एचआर म्हणाला जे ठरलं ते या दोन पानांत आहे. लोकांनी कमिटीला शिव्या घातल्या. सरळ सांगा, पूर्ण करारच आणा, त्यावर सही करू.

जुना_सेक्रेटरी

गजानन, तुझा राग समजतो, आणि पूर्ण करारावरच सही करायची हा मार्ग चांगलाच आहे. पण यांचे लोक दहा महिने थांबलेत, आणि टिपण नाही केलं तर महिन्याभरात ज्याला जे आठवेल ते खरं. मध्यममार्ग म्हणजे टिपणातच लिहायचं की हे काय आहे. "हे टिपण ठरलेल्या मुख्य मुद्द्यांची नोंद असून सविस्तर करारावर अमुक तारखेपर्यंत सह्या होतील. टिपणात उल्लेख नसलेल्या बाबी चर्चेस खुल्या राहतील." ही ओळ तुमच्या वेळी असती तर एचआरला तसं म्हणता आलं नसतं.

लिहून दिलं तर मागता येत नाही, हे तुझं खरं आहे. मी दुसऱ्या बाजूने बघतो, न लिहिलेलं मागायला गेलं की पाच-सहा वर्षं इंडस्ट्रियल कोर्टात जातात. त्यावर आपलं एकमत होणार नाही, कमिटीनेच ठरवावं.

पर्सोनेल_मॅन

गजाभाऊंचा अनुभव खरा आहे, टिपण हे छत बनतं. पण त्याची दुसरी बाजूही सांगतो. मॅनेजमेंटला टिपणावर सही एवढ्यासाठी हवी असते की आमसभेत लोकांनी फेटाळलं तर परत शून्यापासून सुरू होऊ नये. म्हणून तुम्ही आमसभेत आधी मंजुरी घेणार की नंतर, तेही लिहा. "आमसभेच्या मंजुरीच्या अधीन" असं लिहिलंत तर मंजुरी होईपर्यंत ते बंधनकारक नाही, दोन्हीकडून. न लिहिता सही केलीत आणि मग आमसभेचं कारण दिलंत तर पुढच्या वेळी तुमच्या शब्दाला कोणी किंमत देणार नाही.

टर्नर_अंबड

आमसभा रविवारी संध्याकाळी ठेवलीये, म्हणजे सहीच्या आधी. ते झालं.

तीन नंबरचं काय? त्यावर आमचा सगळ्यात मोठा घोळ आहे. बैठकीत उत्पादन वाढवायचं मान्य केलंय हे खरं, १५ ते २० टक्के असं बोलणं झालं. कंपनीने टिपणात आकडा टाकलाच नाही, नुसतं "संपूर्ण सहकार्य". आमच्यातले काही म्हणतात आकडा नाही ते बरंच आहे.

टाइमस्टडी_कुलकर्णी

आकडा नाही ते बरं नाही, ते फार वाईट आहे. मी इंडस्ट्रियल इंजिनिअर आहे, हे टार्गेट मीच बसवतो म्हणून सांगतो. "संपूर्ण सहकार्य" असं लिहिलेलं असलं की उद्या कोणीही सुपरवायझर उभा राहून म्हणतो तुझा आकडा कमी आहे, तू सहकार्य करत नाहीस, करारभंग आहे. आणि चार्जशीट निघते. कामगाराकडे दाखवायला काही नसतं की मी अमुक द्यायचे होते आणि दिले.

एक मशीन घेऊन बघू. समजा सीएनसी टर्निंग, एकच पार्ट, सायकल टाइम लोडिंग-अनलोडिंगसकट ३.२ मिनिटं. शिफ्ट ४८० मिनिटं, जेवणाची ३० आणि चहाची दोनदा १०-१० काढली तर ४३० उरतात. ४३० भागिले ३.२ म्हणजे १३४ पार्ट. हा झाला कागदावरचा शंभर टक्के. तो कोणीच देत नाही, कारण इन्सर्ट बदलायचा असतो, गेजिंग करायचं असतं, माणूस पाणी प्यायला जातो. आज तुम्ही समजा ९६ देताय, तर ते ७२ टक्क्यांच्या आसपास झालं. २० टक्के वाढ म्हणजे ११५, ते ८६ टक्के होतं. जमू शकतं, पण अटी लागतात.

अटी म्हणजे काय. कास्टिंगमध्ये ब्लोहोल निघाले, मटेरियल हार्ड आलं, टूल स्टोअरमध्ये नाही, लाइट गेली, क्रेन मोकळी नाही, तर तो वेळ ४३० मधून वजा. वजा कोणी करायचा? तिथेच लिहिलेलं पाहिजे: शिफ्टमध्ये लॉगशीटवर नोंद, सुपरवायझरची त्याच शिफ्टमध्ये सही. दुसऱ्या दिवशी केलेल्या नोंदीवर कोणी विश्वास ठेवत नाही. आणि सेटिंग बदललं, म्हणजे दुसरा पार्ट लावला, तर सेटिंगचा वेळ वेगळा धरायचा.

अजून एक. पार्ट-मशीनचा तक्ता करा, प्रत्येकाचा आजचा आकडा, ठरलेला आकडा आणि तो कधीपासून. आजचा आकडा लिहिणं फार महत्त्वाचं, कारण वीस टक्के हे कशाच्या वीस टक्के ते त्याच्यावरच ठरतं. मी बघितलंय की कंपनीने सर्वोत्तम महिन्याचा आकडा धरला आणि युनियनने वर्षाची सरासरी धरली होती.

टर्नर_अंबड

कुलकर्णीसाहेब हे एकदम नेमकं बोललात. आमच्याकडे मशीन शॉपला ५८ मशीनं आहेत, सगळ्यांचा तक्ता सोमवारपर्यंत होणं शक्य नाही. मग?

टाइमस्टडी_कुलकर्णी

मग टिपणात तक्ता न देता पद्धत द्या. "ऑक्टोबर ते डिसेंबर २०२५ या तीन महिन्यांची प्रत्यक्ष सरासरी हा पाया धरला जाईल. प्रत्येक मशीनचा ठरलेला आकडा कंपनी व युनियन यांचे प्रत्येकी दोन प्रतिनिधी मिळून संयुक्त टाइम स्टडीने ३० एप्रिल २०२६ पर्यंत निश्चित करतील. तो निश्चित होईपर्यंत सध्याचा आकडा चालू राहील व वेतनवाढ त्यावर अवलंबून राहणार नाही." शेवटचा तुकडा सोडू नका, नाहीतर टाइम स्टडी लांबली की हप्ता पण लांबतो.

नवीन मशीन आलं किंवा सायकल टाइम बदलला तर पुन्हा स्टडी, हेही घाला. फक्त एक सांगतो, संयुक्त स्टडीत आकडा जुळला नाही तर काय, त्याला माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. काही ठिकाणी बाहेरचा तज्ज्ञ आणतात, युनियनला तो कंपनीचाच वाटतो.

विवेक७७

ओके, स्टँप पेपरचं समजलं. पण मग चार नंबरमध्ये काय खटकतंय? सगळ्या मागण्या निकाली, हे तर दर करारात असतंच ना. मॅनेजमेंटला तेवढं तरी द्यायला पाहिजे.

मृण्मयी_ल

असतं, आणि द्यायलाही हरकत नाही, पण "निकाली" आणि "मागे घेतल्या" हे दोन्ही एकाच वाक्यात सरसकट आलंय ते घातक आहे. टर्नरभाऊ, तुमच्या मागणीपत्रात काही निलंबित कामगारांचा किंवा कंत्राटी कामगारांचा मुद्दा होता का?

टर्नर_अंबड

हो ताई. मागणी क्रमांक १४ दोन निलंबित कामगारांना परत घेण्याबद्दल, त्यांची चौकशी चालू आहे. आणि मागणी क्रमांक १९ कंत्राटी मुलांना कायम करण्याबद्दल, त्यातल्या १२ जणांची केस कोर्टात आहे. बैठकीत साहेब म्हणाले त्या दोघांचं सहानुभूतीने बघू. लेखी काही नाही.

मृण्मयी_ल

मग तेच होईल ज्याची भीती आहे. उद्या चौकशी संपून त्या दोघांना काढलं आणि ते लेबर कोर्टात गेले तर कंपनी हे टिपण पुढे करेल, युनियनने ही मागणी मागे घेतली होती म्हणून. ते टिकेल की नाही हा पुढचा प्रश्न. जुन्या औद्योगिक विवाद कायद्याला महाराष्ट्राने केलेल्या दुरुस्तीत मान्यताप्राप्त युनियनचा करार सगळ्यांवर बंधनकारक होता, पण बडतर्फी, कामावरून कमी करणं, निलंबन हे विषय त्यातून मुद्दाम वगळलेले होते. म्हणजे माणसाचा स्वतःचा हक्क युनियनच्या सहीने सहज जात नाही. तरी पण त्या दोघांना दोन वर्षं एका वाक्याशी लढत बसावं लागेल.

मागण्या क्रमांकाने लिहा. अमुक मान्य, अमुक अंशतः मान्य, अमुक या कराराच्या काळात युनियन पुन्हा उपस्थित करणार नाही. "मागे घेतली" ऐवजी हे शेवटचं लिहा, त्यात कंपनीला तीन वर्षं शांतता मिळते आणि तुमची मागणी कायमची जात नाही. आणि वेगळी ओळ: "मागणी क्र. १४ व १९ तसेच प्रलंबित न्यायालयीन प्रकरणे या करारात समाविष्ट नाहीत व त्यांवरील कोणत्याही पक्षाच्या हक्कास यामुळे बाधा येणार नाही."

"सहानुभूतीने" हा शब्द टिपणात आणू नका. त्याची अंमलबजावणी कोणी मागू शकत नाही आणि लोकांना वाटतं काहीतरी मिळालंय.

पर्सोनेल_मॅन

मॅनेजमेंट १४ आणि १९ वगळायला पटकन तयार होणार नाही, हे धरून जा. त्यांचा प्रश्न असतो की पैसे पूर्ण दिले आणि आंदोलनाचं कारण शिल्लक राहिलं. त्यावर तोडगा म्हणजे त्याच ओळीत युनियनने लिहून द्यायचं की या दोन विषयांवर फक्त कायदेशीर मार्ग वापरू, काम थांबवणं, स्लो डाउन, ओव्हरटाइम नाकारणं करणार नाही. मी माझ्या बाजूने हे घेऊन साहेबांकडे गेलो असतो तर पास झालं असतं.

गजा_फिटर

ओव्हरटाइम नाकारणं पण करायचं नाही? ओव्हरटाइम सक्तीचा कधीपासून झाला? तेवढं काढा त्यातून, बाकी ठीक आहे.

जुना_सेक्रेटरी

गजाशी सहमत. "सामूहिकरीत्या" हा एक शब्द घाला. घरचं लग्न म्हणून एकट्याने थांबायला नकार दिला तर तो करारभंग होता कामा नये.

पाच नंबर राहिला. "करार तीन वर्षांसाठी" यात सुरुवात नाही. कंपनी सहीच्या तारखेपासून मोजेल, फेब्रुवारी २०२६ ते फेब्रुवारी २०२९. तुम्ही एप्रिल २०२५ पासून मोजाल, म्हणजे ३१ मार्च २०२८. अकरा महिन्यांचा पगारवाढीशिवायचा काळ त्यात आहे. दोन्ही तारखा लिहा. त्याखाली, मुदत संपल्यावर नवीन करार होईपर्यंत हाच चालू राहील, आणि नवीन मागणीपत्र मुदतीआधी किती दिवस देता येईल ते. कायद्याने तसंही मुदत संपली की करार आपोआप मरत नाही, लेखी नोटीस द्यावी लागते आणि त्यानंतर जुन्या कायद्यात दोन महिने होते. पण वाढ थांबली तरी बस-कँटीन चालू राहावी म्हणून लिहिलेलं चांगलं.

टर्नर_अंबड

आमच्याकडे दुसरी पण एक युनियन आहे, साधारण ४० मेंबर. मान्यता आमची आहे. त्यांनी सही नाही केली तर त्यांना लागू होईल का? आणि आता नवीन कायदा आलाय म्हणतात, मग हे मान्यता वगैरे राहिलं का?

मृण्मयी_ल

औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. सही आणि प्रत पाठवण्याचा भाग त्यातही तसाच आहे, कलमांचे आकडे मात्र सगळे बदललेत, त्यामुळे जुन्या करारावरून "कलम १८(१)" कॉपी-पेस्ट करू नका. नवीन कायद्यात ५१ टक्के मेंबर असलेली युनियन वाटाघाटी करणारी युनियन. आपला महाराष्ट्राचा १९७१ चा मान्यता आणि अनुचित प्रथांचा कायदा त्याच्यासोबत कसा चालणार, यावर वकिलांमध्येच दोन मतं आहेत.

म्हणून सुरक्षित मार्ग घ्या. शेवटचा सविस्तर करार सरकारी कामगार अधिकाऱ्यांसमोर समेट प्रक्रियेत करा. तसा करार सही न केलेल्यांवर आणि नंतर भरती होणाऱ्यांवर पण बंधनकारक होतो. दोन पक्षांनी आपसात केलेल्याचा जोर तेवढा नसतो. ४० जणांचा वाद पुढे उभाच राहत नाही.

अजून एक, वेतनाची नवीन व्याख्या. भत्ते मिळून एकूण पगाराच्या निम्म्यापेक्षा जास्त झाले तर वरचा भाग वेतनात धरला जातो. त्यामुळे नऊ हजार भत्त्यांत टाकून बेसिक कमी ठेवायचं गणित कंपनीने केलं असेल तर ते आता तसं बसत नाही. परिशिष्टाचा तक्ता करताना हे दोन्ही बाजूंनी तपासा.

सांगलीचा_पाटील

ताई, मी वेगळा धागा काढलाय. कराराची प्रत टाकतो सोमवारी.

टर्नर_अंबड

सगळ्यांचे आभार. आज एचआरशी फोनवर बोललो. अपडेट देतो.

ग्रॉसचं मान्य झालं पण सहज नाही, त्यांच्या शीटमध्ये सीटीसीच होतं, पर्सोनेल_मॅन म्हणाले तसंच. शेवटी प्लांट हेडने मान्य केलं कारण गेट मीटिंगला आम्ही ग्रॉस सांगितलंय हे त्यांना माहीत होतं. तक्ता उद्या पाठवणार. करार १ एप्रिल २०२५ ते ३१ मार्च २०२८, हप्त्यांच्या तारखा आल्या. रिटायर झालेल्यांना पगाराचा फरक देतो म्हणाले, आमच्याकडे असे सात जण आहेत, ग्रॅच्युइटीचं मात्र "वरती विचारून सांगतो". ओव्हरटाइमवर फरक साफ नाही म्हणाले. कमिटीत त्यावर मतदान घेऊ, नाही असं लिहायचं की गाळायचं, गजाभाऊंसारखं म्हणणारे आमच्यात पण बरेच आहेत.

उत्पादनाचा मुद्दा कुलकर्णीसाहेबांच्या शब्दांत पाठवला, फक्त "वेतनवाढ त्यावर अवलंबून राहणार नाही" हे त्यांना दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्यापुरतं काढायचंय. १४ आणि १९ वर अजून घोडं अडलंय.

टाइमस्टडी_कुलकर्णी

दुसऱ्या टप्प्यासाठी काढू द्यायचं असेल तर एक अट उलटी घाला, की स्टडी कंपनीमुळे लांबली तर टप्पा तारखेलाच लागू. कोणामुळे लांबली हे कळण्यासाठी प्रत्येक बैठकीच्या हजेरीवर दोन्हीकडच्या सह्या.

जुना_सेक्रेटरी

सात रिटायर लोकांची नावं, निवृत्तीच्या तारखा आणि नोकरीची वर्षं अशी यादी परिशिष्ट 'ब' म्हणून जोडा, आणि ग्रॅच्युइटीचा रकाना रिकामा ठेवून यादी आजच एचआरला मेल करा. साहेब वर विचारायला जातील तेव्हा त्यांच्या हातात सात माणसांचा एकूण आकडा असेल, बहुतेक वेळा तो त्यांना वाटतो त्यापेक्षा लहान निघतो. १४ आणि १९ सोमवारी सकाळपर्यंत सुटलं नाही तर त्या दोन क्रमांकांसमोर "चर्चा अपूर्ण" असं लिहून बाकी टिपणावर सही करता येईल, फक्त मग चार नंबरचं "सर्व मागण्या निकाली" हे वाक्य पूर्ण खोडलेलं पाहिजे आणि खोडलेल्या जागी दोन्हीकडच्या सह्या पाहिजेत.